चालताना छातीत भरून येतं: कार्डिओलॉजिस्टला चिठ्ठी कशी लिहिता?

डॉ_माणदेश | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. कार्डिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने दोन-अडीच तास. पेशंट तिथे पोचतो तेव्हा सोबत मी नसतो, माझी चिठ्ठी असते. आणि ती कोणी वाचतच नाही, ही माझी जुनी तक्रार. मागे एका बाईंना पाठवलं होतं. ओपीडीत पुन्हा पहिल्यापासून 'काय होतंय?' सुरू झालं, बाई बावरल्या, 'गॅस होतो' म्हणाल्या आणि गॅसच्याच गोळ्या घेऊन परत आल्या.

आता या आठवड्यात एक पेशंट पाठवायचाय. ओळख पटेल असं सगळं बदललंय. चिठ्ठी इंग्रजीत जाईल, इथे मराठीत टाकतो:

> प्रति, कार्डिओलॉजिस्ट. पुरुष, वय ५६. मधुमेह ९ वर्षं, बीपी ५ वर्षं. दीड महिन्यापासून श्रमाने छातीत दुखणे, अलीकडे वाढले आहे. ईसीजी नॉर्मल. बीपी १४६/९०. उपाशीपोटी शुगर १६८. मेटोप्रोलॉल सुरू केले आहे. पुढील तपासणी व सल्ल्यासाठी पाठवत आहे. कृपया योग्य ते करावे.

यात काय कमी आहे? डॉक्टर मंडळींनी तर सांगाच, पण चिठ्ठी घेऊन फिरलेल्या पेशंटांनीही सांगा.

---

औषधवाला | सोमवार, रात्री १०.०५

डॉक्टर, मी दुकानदार माणूस, पण वीस वर्षं काउंटरला उभा आहे. सोपा उपाय सांगतो. सॉर्बिट्रेट ५ जिभेखाली ठेवायला द्या. पाच मिनिटांत थांबलं तर हार्ट, नाही थांबलं तर ॲसिडिटी. हे चिठ्ठीत लिहिलं की वरच्यांचं काम निम्मं होतं.

आणि ईसीजी नॉर्मल आहे ना? मग एवढी घाई कशाला? आधी महिनाभर पॅन-डी देऊन बघा.

---

अवि_नाशिककर | सोमवार, रात्री १०.३०

चिठ्ठीवर विषय निघालाच आहे तर विचारतो. मेडिक्लेमवाले फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी मागतात, त्यावर आजाराची तारीख अलीकडची घालून मिळते का? आमच्या मेव्हण्याचा क्लेम त्यावरूनच अडकलाय.

आणि दुसरं, राग मानू नका. 'अमुक डॉक्टरांकडेच जा' अशी चिठ्ठी मिळाली की आमच्यासारख्याला पहिला संशय कटचाच येतो. २०१७ साली सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली होती, उगाच का?

---

अनवट | सोमवार, रात्री ११.१५

मी पलीकडच्या टेबलावरचा. कार्डिओलॉजिस्ट, रोज अशा दहा-बारा चिठ्ठ्या हातात येतात. वाचतो मी. पण तुमच्या मसुद्यातलं एकही वाक्य मला पेशंट बघण्याआधी काही ठरवायला मदत करत नाही. स्पष्ट लिहितोय, कारण तुम्ही तसंच विचारलंय.

'श्रमाने छातीत दुखणे.' कुठले श्रम? पोतं उचलून की जिन्याने की सपाट रस्त्यावर? 'दुखणे' हा शब्द त्यांचा की तुमचा? खरं अँजायनावालं माणूस 'दुखतं' फार कमी वेळा म्हणतं. भरून येतं, आवळल्यासारखं होतं, दडपण येतं, जळजळतं, श्वास पुरत नाही, असं म्हणतं. आणि बोटाने जागा दाखवत नाही, मूठ किंवा पंजा छातीच्या मधोमध ठेवतं. थांबल्यावर किती वेळात जातं? दोन-पाच मिनिटांत गेलं तर एक गोष्ट, अर्धा तास रेंगाळलं तर दुसरी, आणि दोन सेकंदांची चमक असेल तर तिसरीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'अलीकडे वाढले आहे.' हे तीन शब्द तुम्ही मधल्या ओळीत टाकलेत आणि पुढे ईसीजीकडे वळलात. वाढलं म्हणजे नेमकं काय? पूर्वी किती अंतर चालत होते, आता किती? बसल्याजागी किंवा झोपेत कधी झालं का? उत्तरावर हे ठरतं की पेशंट पुढच्या आठवड्यात ओपीडीला यायचा की आज रात्री गाडीत बसायचा. उद्या सकाळी पहिलं काम म्हणून त्यांना फोन करा. आधी हे कळू द्या, बाकीचं नंतर.

औषधवाले दादा, दोन्ही मुद्द्यांवर थांबवतो तुम्हाला. अन्ननलिकेच्या आकडीलाही सॉर्बिट्रेटने आराम पडतो, आणि हार्ट अटॅक चालू असेल तर त्याने थांबत नाही. म्हणजे तुमची परीक्षा दोन्ही बाजूंनी फसते. आराम पडला की नाही हे चिठ्ठीत जरूर यावं, पण माहिती म्हणून, निकाल म्हणून नाही. आणि आराम करताना काढलेला ईसीजी निम्म्याच्या आसपास अँजायना पेशंटमध्ये नॉर्मलच असतो. रक्त कमी पडतं ते चालताना. माणूस कॉटवर शांत पडलेला असताना कागदावर काय दिसणार?

---

सुमनताई_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७.२०

मी जिल्हा रुग्णालयातून रिटायर झालेली सिस्टर, आयसीयूला बरीच वर्षं काढली. डॉक्टर, 'ईसीजी नॉर्मल' एवढं लिहून चालत नाही हो, पट्टी जोडा. पेशंट तिथे पोचल्यावर दुसरा ईसीजी निघतो आणि त्यात टी उलटी दिसली तर पहिला प्रश्न हाच, ही आधीपासूनची की आजची? जुनी पट्टी नसेल तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

अजून एक. ती पट्टी थर्मल कागदाची असते. पेशंट ती घडी करून खिशात घालतात, घामाने आणि उन्हाने जाते. काही जण चिठ्ठीवर सेलोटेपने चिकटवतात, टेपच्या खालची रेघ महिन्याभरात पुसट होते. झेरॉक्स काढून तीच जोडावी. वर तारीख आणि वेळ पेनने घालावी, आणि त्या वेळी छातीत भरलेलं होतं की नव्हतं तेही. मशीनवरची तारीख बऱ्याच दवाखान्यांत चुकीची असते, कोणी सेट करत नाही.

---

भटक्या_खेडकर | मंगळवार, सकाळी ८.४५

माझा अनुभव टाकतो. वय ४१. कॉम्प्युटरसमोर बसलं की डावीकडे टोचायचं, बोट ठेवता येईल अशी जागा. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं 'छातीत दुखते, टीएमटी करावी'. केली. पॉझिटिव्ह आली. घरात रडारड, बायकोने देव पाण्यात घातले, अँजिओग्राफी झाली, ती एकदम स्वच्छ. पैसे गेले ते गेलेच, पण मी तीन आठवडे झोपलो नाही. मग ही टीएमटी करतात कशाला?

---

अनवट | मंगळवार, सकाळी ९.३०

खेडकर, तुमचं उदाहरण या धाग्यावर अगदी मोक्याच्या जागी आलंय.

ट्रेडमिल टेस्टचा निकाल ती कोणावर केली यावर फार अवलंबून असतो. चढ चढताना भरून येतं, थांबलं की जातं, वय ५६, शुगर आहे, अशा माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मी तिच्यावर बराच विश्वास ठेवीन. तुमचं वय ४१, बसल्याजागी, बोटाएवढ्या जागेत टोचणं. तुमच्यात आजार असण्याची शक्यता मुळातच थोडी, त्यामुळे पॉझिटिव्ह आलेल्यांत खोट्या पॉझिटिव्हांचीच गर्दी जास्त. बायकांच्या बाबतीत ही फसगत अजून जास्त होते.

आता बघा, चिठ्ठीत 'बसल्याजागी टोचते, बोटाने जागा दाखवतो, जिना चढताना काही नाही' असं लिहिलेलं असतं, तर तुमची ट्रेडमिल कदाचित झालीच नसती. 'छातीत दुखते' या दोन शब्दांत तुम्ही आणि माणदेश डॉक्टरांचे पेशंट सारखेच दिसता.

---

लंडनची_मेधा | मंगळवार, दुपारी १.१०

मी इंग्लंडमध्ये जीपी आहे, मूळची साताऱ्याची. आमच्याकडे अशा पेशंटसाठी वेगळं रॅपिड ॲक्सेस चेस्ट पेन क्लिनिक असतं, साधारण दोन आठवड्यांत बघायचं असा दंडक. रेफरल फॉर्ममध्ये तीनच प्रश्न आधी येतात. दडपण छातीत, मानेत, जबड्यात, खांद्यात किंवा हातात येतं का? श्रमाने येतं का? विश्रांतीने किंवा सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटने पाचेक मिनिटांत जातं का? तिन्हींना हो म्हटलं तर टिपिकल, दोनला हो म्हटलं तर अटिपिकल, एक किंवा शून्य असेल तर बहुधा हृदयाचं नाही. मला हा साचा सोयीचा वाटतो, काही राहून जात नाही.

अनवट सरांना एक प्रश्न. इथे २०१० पासून नाइस या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, आधी हृदयविकार माहीत नसलेल्या पेशंटमध्ये निदानासाठी ट्रेडमिल वापरायची नाही असं ठरलंय. २०१६ च्या सुधारणेनंतर सरळ सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. तुम्ही अजून ट्रेडमिल का करता?

---

अनवट | मंगळवार, दुपारी २.००

कारण ट्रेडमिल तालुक्यापर्यंत पोचली आहे, चांगल्या दर्जाचं कार्डियाक सीटी पोचलेलं नाही. शिवाय किती मिनिटं चालला, किती मिनिटाला भरलं, बीपी पडलं का, हे मला चालवूनच कळतं. सीटीत नळी दिसते, माणसाचा दम दिसत नाही. तुमचा मुद्दा मान्य आहे, माझा सोडवत नाही. यावर आमच्याच कॉन्फरन्समध्ये एकमत होत नाही, इथे काय होणार.

साच्याबद्दल एकच शंका. मधुमेह असलेल्यांत, म्हाताऱ्यांत आणि पुष्कळ बायकांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येतं. छातीत काही नाही, फक्त पूर्वीच्या चढाला आता दम लागतो. त्यांना 'अटिपिकल'चा शिक्का बसला की पुढचा माणूस सैलावतो. मला शिक्का नको, वाक्य द्या.

---

डॉ_माणदेश | मंगळवार, दुपारी ३.३५

सकाळीच फोन लावला. मुलगा बोलला, मग त्यांना स्वतःलाच दवाखान्यात बोलावून घेतलं. अर्धा तास समोर बसवून विचारलं. तेच इथे लिहितो.

दीड महिन्यापूर्वी पहिल्यांदा शेताच्या चढाला, खताचं पोतं खांद्यावर असताना. 'छातीत गच्च भरतंय, कोणी आतनं दाबतंय' हे त्यांचे शब्द. मूठ मधोमध. डाव्या दंडात कोपरापर्यंत जड होतं. पोतं खाली ठेवून बसलं की तीन-चार मिनिटांत मोकळं. तेव्हा सपाटीला काहीच नव्हतं.

आता घर ते दुकान हे अंतर, सपाट डांबरी रस्ता, अडीचशे पावलं असेल. गेल्या दहा-बारा दिवसांत ते मधे मारुतीच्या ओट्यावर बसायला लागलेत. मुलाला वाटलं गुडघे दुखतात म्हणून बसतात. आणि परवा रात्री जेवून उठताना भरलं, पंधरा मिनिटं राहिलं, आपोआप गेलं. हे त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. आत्ता छातीत काही नाही. पुन्हा ईसीजी काढला. व्ही४ ते व्ही६ मध्ये एसटी किंचित खाली वाटतेय, अर्धा मिलिमीटर, खात्री देत नाही.

---

अनवट | मंगळवार, दुपारी ३.४८

हा आता ओपीडीचा पेशंट राहिला नाही. नव्याने आलेला, दोन महिन्यांच्या आतला, पोत्यापासून अडीचशे पावलांपर्यंत घसरलेला आणि एकदा बसल्याजागी झालेला. याला आम्ही अस्थिर म्हणतो. आजच पाठवा, आणि एसटीने नाही. १०८ ला फोन करा किंवा गाडीत कोणीतरी सोबत द्या. आधी त्या हॉस्पिटलला स्वतः फोन करा. ट्रेडमिल कोणी करायची नाही, हे चिठ्ठीत ठळक लिहा. गर्दीच्या ओपीडीत ज्युनियर पोरगा 'ईसीजी ठीक, टीएमटी करा' म्हणून मोकळा होतो आणि असा पेशंट पट्ट्यावर कोसळतो.

आता चार गोष्टी पटकन बघून घ्या. स्टेथो लावून मर्मर. महाधमनीची झडप अरुंद असेल तरीही चालताना असंच भरतं, तिथे नायट्रेट जपून द्यावं लागतं आणि पुढचा सगळा रस्ताच बदलतो. मर्मर नसेल तर 'मर्मर नाही' असं लिहा. कोरी जागा सोडली तर मला कळत नाही की नव्हता की बघितलाच नाही. हिमोग्लोबिन, कारण ८ असेल तर तेवढ्यानेही अँजायना वाढतो. क्रिएटिनिन, कारण अँजिओग्राफीचा डाय द्यायचा आहे. आणि ॲस्पिरिन कधी, किती दिली त्याची वेळ.

---

औषधवाला | मंगळवार, दुपारी ४.०२

डॉक्टर, सॉर्बिट्रेट देण्याआधी एक विचाराच, आणि मुलाला बाहेर पाठवून विचारा. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल काउंटरवर किती जातात ते मला विचारा. पन्नाशी-साठीची माणसं नेतात, शुगरवाली तर जास्तच, आणि डॉक्टरला कधी सांगत नाहीत. त्यावर सॉर्बिट्रेट पडली की बीपी धाडकन खाली. सिल्डेनाफिलनंतर एक दिवस आणि टॅडालाफिलनंतर दोन दिवस देत नाहीत ना?

---

अनवट | मंगळवार, दुपारी ४.०६

बरोबर. २४ तास आणि ४८ तास. हा प्रश्न माझ्या यादीत हवा होता. काल रात्री तुम्हाला थांबवलं होतं, आता टोपी काढतो.

---

डॉ_माणदेश | मंगळवार, संध्याकाळी ५.२०

गाडी निघाली. सोबत मुलगा आणि आमचा कंपाउंडर. हॉस्पिटलमध्ये फोनवर बोललो, रजिस्ट्रारचं नाव लिहून घेतलं. ही गेलेली चिठ्ठी, मराठीत:

> तातडीचे: अस्थिर अँजायनाची शंका. कृपया ट्रेडमिल टेस्ट करू नये. आज दुपारी ४.१५ वाजता आपल्या कॅज्युअल्टीच्या रजिस्ट्रारशी फोनवर बोललो आहे.
>
> पुरुष, वय ५६. दीड महिन्यापासून श्रमाने छातीच्या मधोमध 'गच्च भरतं', डाव्या दंडात जडपणा, बसल्यावर ३-४ मिनिटांत जातं. सुरुवातीला फक्त चढाला ओझं घेऊन. गेले १०-१२ दिवस सपाटीला साधारण २५० पावलांत. परवा रात्री जेवणानंतर बसल्याजागी एकदा, १५ मिनिटे. चक्कर, बेशुद्धी नाही. आत्ता त्रास नाही.
>
> मधुमेह ९ वर्षे, बीपी ५ वर्षे. तंबाखू खातात, रोज. वडील ५२ व्या वर्षी झोपेत गेले, कारण माहीत नाही.
>
> तपासणी: नाडी ६४ नियमित. बीपी उजव्या हाताला १४६/९०, डाव्या हाताला १४२/८८. मर्मर नाही. फुप्फुसे स्वच्छ, पायाला सूज नाही. छातीवर दाबून दुखत नाही.
>
> ईसीजी दोन, झेरॉक्स सोबत. ६ दिवसांपूर्वीचा नॉर्मल वाटतो. आज दुपारी ३ चा: व्ही४ ते व्ही६ मध्ये एसटी अर्धा मिलिमीटर खाली असल्याची शंका. दोन्ही वेळी छातीत त्रास नव्हता. हिमोग्लोबिन १२.८. क्रिएटिनिन १.४ (आज). ट्रोपोनिन इथे होत नाही.
>
> औषधे: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, टेल्मिसार्टन ४०, ६ दिवसांपासून मेटोप्रोलॉल २५ एकदा. गुडघ्यांसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक रोज घेत होते, आज बंद केली. सिल्डेनाफिल वगैरे घेत नाहीत, एकट्याला विचारले आहे. ॲलर्जी नाही. ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ आज ४.२० ला चावून दिली. ॲटोर्वास्टॅटिन ४० आज दिली. सॉर्बिट्रेट ५ सोबत दिली आहे, अजून लागलेली नाही.
>
> विनंती: दाखल करून ट्रोपोनिन व पुढील निर्णय. अँजिओग्राफी ठरल्यास क्रिएटिनिन पाहावे. घरी परतल्यावर मी फॉलोअप घेईन, कृपया डिस्चार्ज कार्डावर औषधांचा कालावधी लिहावा.

एका पानात बसली, खाली फोन नंबर घातला. मुलाला मराठीत वेगळ्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: वाटेत भरलं तर गोळी जिभेखाली, बसवून ठेवायचं, चालवायचं नाही.

---

सुमनताई_सिस्टर | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

वरची पहिली ओळ फार चांगली केलीत. रात्रीच्या पाळीत मी चिठ्ठीची पहिली ओळ वाचूनच कॉट कुठली द्यायची ठरवायचे. डायक्लोफेनॅकचंही बरं झालं लिहिलंत, ते कुणी औषधात धरतच नाही. 'कुठल्या गोळ्या घेता?' म्हटलं की शुगर-बीपीच्या सांगतात, गुडघ्याची सांगत नाहीत.

---

अवि_नाशिककर | मंगळवार, रात्री ८.३०

माझा मेडिक्लेमचा प्रश्न तसाच राहिला. असो. पण डॉक्टर, तुम्ही एका ठराविक हॉस्पिटललाच फोन केलात ना? माझा मुद्दा तोच होता. पेशंटला निवड कुठे उरली?

---

डॉ_माणदेश | मंगळवार, रात्री ९.१५

अवि, तारीख मागची-पुढची घालून देत नाही, कोणालाच. मेव्हण्यांना आहे ती तारीखच सांगायला सांगा.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्हाला सरळ खोडून काढता येत नाही. साध्या पेशंटला मी 'प्रति, कार्डिओलॉजिस्ट' अशी बिननावाची चिठ्ठी देतो, जिथे सोय असेल तिथे जा म्हणतो. आज मुलाला दोन हॉस्पिटलांची नावं सांगितली. दोन्हीकडे महात्मा फुले योजना आहे, रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या, तिथे आरोग्यमित्राला भेटा, असं सांगितलं. निवड त्याने केली. पण अशा वेळी माणूस निवड काय करणार, डॉक्टर ज्याचं नाव आधी घेतो तिकडे जातो, हेही मला दिसतं.

---

अनवट | मंगळवार, रात्री ९.५०

बिननावाच्या चिठ्ठीशी माझं जमत नाही. ती कोणाचीच नसते. माझ्या नावाने आली असेल आणि मला काही अडलं तर मी उलट फोन करतो. 'प्रति, कार्डिओलॉजिस्ट' म्हणून आलेली चिठ्ठी फायलीत तळाला जाते. कटचा प्रश्न खरा आहे, पण चिठ्ठीवरचं नाव पुसून तो सुटेल असं मला वाटत नाही.

---

लंडनची_मेधा | बुधवार, पहाटे २.४०

डॉक्टर, मेटोप्रोलॉल किती दिवसांपासून ते लिहिलंत हे फार बरं केलंत. हा पेशंट वेगळा, पण स्थिर पेशंटला ट्रेडमिलला पाठवताना ही ओळ नसली तर गोंधळ होतो. बीटा ब्लॉकरवर नाडी वाढत नाही, टेस्ट अर्धवट राहते किंवा फसवी निगेटिव्ह येते. म्हणून काही जण परस्पर गोळी बंद करून पाठवतात. अचानक बंद केल्याने अँजायना उसळू शकतो, तेव्हा तो निर्णय टेस्ट करणाऱ्यावर सोडलेला बरा.

---

भटक्या_खेडकर | बुधवार, सकाळी ९.००

काका पोचले का? रात्रभर धागा रिफ्रेश करतोय.

---

डॉ_माणदेश | शनिवार, रात्री ८.२५

उशीर झाला, माफ करा, दवाखान्यात डेंग्यूची गर्दी आहे.

पोचले. वाटेत एकदा भरलं, सॉर्बिट्रेटने गेलं. पहिली ट्रोपोनिन निगेटिव्ह, दुसरीही निगेटिव्ह. कॅज्युअल्टीतल्या मुलाने ईसीजी बघून 'सकाळी ओपीडीला या' म्हणायची तयारी केली होती, पण वरची ओळ वाचून रजिस्ट्रारला बोलावलं, असं कंपाउंडर सांगतो. सलाइन देऊन गुरुवारी अँजिओग्राफी झाली. पुढच्या मोठ्या शाखेला, एलएडीला, सुरुवातीच्या भागात ९० टक्के. त्याच बैठकीत एक स्टेंट. आज दुपारी घरी आले, डिस्चार्जच्या दिवशी क्रिएटिनिन १.३.

डिस्चार्ज कार्ड हातात आहे. ॲस्पिरिन ७५, टिकाग्रेलॉर ९० दोन वेळा, ॲटोर्वास्टॅटिन ८०, मेटोप्रोलॉल. पुढे लिहिलंय 'चालू ठेवणे'. किती महिने ते नाही. माझ्या विनंतीची शेवटची ओळ वाया गेली म्हणायची. अनवट सर, टिकाग्रेलॉर वर्षभर धरू ना? आणि यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलंय, डोळ्यांचे डॉक्टर गोळ्या बंद करायला सांगतील.

---

अनवट | शनिवार, रात्री ९.०५

अस्थिर म्हणून घातलेल्या स्टेंटला साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या, रक्तस्रावाचा धोका जास्त नसेल तर. पण स्टेंट ज्यांनी घातला त्यांना विचारून कार्डावर लिहून घ्या. मोतीबिंदूसाठी सहसा काहीच बंद करावं लागत नाही, विशेषतः भूल थेंबांची असेल तर. आणि मध्येच कोणी परस्पर बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होते, ते फार वाईट असतं.

तेव्हा आता डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहा. पहिल्या ओळीत स्टेंटची तारीख.

---

औषधवाला | शनिवार, रात्री ९.३०

टिकाग्रेलॉर आमच्या गावात सहज मिळत नाही, मागवून ठेवावी लागते. नाव कळवा डॉक्टर, महिन्याचा स्टॉक आधीच आणून ठेवतो. मधे खंड नको.